मालकीचा हिशेब वेगळा, कामाचा वेगळा

दोघांनी मिळून काढलेला धंदा दहा-बारा वर्षांनी एकाच्याच खांद्यावर आलेला दिसतो. आपल्याकडच्या कुठल्याही औद्योगिक वसाहतीत फिरा, असे गाळे सापडतील. सुरुवातीला दोघेही सकाळी आठला शटर उघडायला हजर असत. पुढे एकाचं येणं कमी झालं. कधी आजारपण आलं, कधी गावाकडच्या शेतीचा व्याप वाढला, कधी प्लॉटिंगच्या व्यवहारात जास्त पैसा दिसू लागला, कधी नुसतं मन उडालं. कागदावर मात्र नफा अजून निम्मा-निम्मा.

या टप्प्यावर राबणारा म्हणतो, "दोन वर्षं यानं काडी उचलली नाही, याला काय म्हणून द्यायचं?" आणि दुसरा म्हणतो, "निम्मी फर्म माझी आहे. निम्मी किंमत टाका, मी निघतो." दोघांच्याही म्हणण्यात थोडं खरं आहे आणि दोघेही एकच चूक करत आहेत. मालकीचा वाटा आणि कामाचा मोबदला या दोन वेगळ्या गोष्टी त्यांनी एकाच आकड्यात कोंबल्या आहेत. काम बंद केलं म्हणून आधी कमावलेली मालकी बुडत नाही. आणि मालकी आहे म्हणून दुसऱ्याच्या घामाची किंमत आपल्या वाट्यात मोजून घेता येत नाही. हे दोन हिशेब वेगळे मांडले की बहुतेक भांडणं आकड्यांवर येतात आणि आकड्यांची भांडणं सुटू शकतात.

आकड्यांकडे जाण्याआधी कायदा काय म्हणतो ते पाहायला हवं, कारण इथेच बहुतेकांचं पहिलं पाऊल चुकतं. आपल्या भागीदारी फर्म अजूनही १९३२ च्या भारतीय भागीदारी कायद्याने चालतात. प्रत्येक भागीदाराने फर्मच्या कामाकडे मन लावून लक्ष द्यावं, असं हा कायदा सांगतो. पण लक्ष न देणाऱ्याला काढून टाकण्याचा अधिकार इतरांना आपोआप मिळत नाही. कलम ३३ प्रमाणे भागीदारीपत्रात तशी स्पष्ट तरतूद असेल आणि ती प्रामाणिक हेतूने वापरली असेल, तरच हकालपट्टी वैध ठरते. छापील नमुन्यावरून केलेल्या बऱ्याचशा भागीदारीपत्रांत असं कलमच नसतं. म्हणून बँकेतली सही परस्पर बदलणं, गाळ्याचं कुलूप बदलणं, वाट्याचा नफा थांबवणं किंवा बायकोच्या नावाने नवी फर्म काढून ग्राहक तिकडे वळवणं, यातलं काहीही केलं तर न्यायालयात आपली बाजूच दुबळी होते. इतके दिवस ज्याची चूक होती, तो तक्रारदार होऊन बसतो.

भागीदार बाहेर पडण्याचे रीतसर मार्ग कलम ३२ मध्ये आहेत: सगळ्यांच्या संमतीने, भागीदारीपत्रात ठरल्याप्रमाणे, किंवा भागीदारी मर्जीवर चालणारी असेल, म्हणजे मुदत आणि शेवट ठरवलेला नसेल, तर स्वतःच लेखी नोटीस देऊन. इथे एक बारकावा आहे. नोटीस देऊन मी निवृत्त होऊ शकतो, दुसऱ्याला निवृत्त करू शकत नाही. राबणाऱ्या भागीदाराच्या हातात उरते ती कलम ४३ ची नोटीस, म्हणजे फर्मच विसर्जित करणं. ती दिली की मालमत्ता विकून देणी भागवून उरलेलं वाटून घ्यायची वेळ येते. चालत्या कारखान्यातलं मशीन आणि घाईने विकायला काढलेलं मशीन यांच्या किमतीत किती फरक पडतो, हे जुन्या मशीनचा व्यवहार केलेल्या कुणालाही विचारा. शिवाय ग्राहक जातात, कामगार जातात. विसर्जनात दोघांचंही नुकसान असल्यामुळेच संमतीची निवृत्ती दोघांच्या फायद्याची ठरते. वाटाघाटीला बसताना ही जाणीव दोन्ही बाजूंना असली पाहिजे.

भागीदाराचं "काम बंद" कोणत्या प्रकारचं आहे, हेही तपासावं. तो सुरुवातीपासून फक्त पैसा घालणारा असेल, तर कामावर न येणं हा करारभंग नव्हे. तो आजारी असेल, तर त्याच्याशी बोलायची भाषा वेगळी लागते. पण त्याने आपल्यासारखाच, स्पर्धेचा धंदा गुपचूप सुरू केला असेल, तर कलम १६ प्रमाणे, वेगळा करार नसल्यास, त्या धंद्यातल्या नफ्याचा हिशेब फर्मला द्यावा लागतो. हा नफा वाट्याच्या हिशेबात धरता येतो.

आता एक उदाहरण पूर्ण करून पाहू. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून मी बसवलेले आहेत, पण त्यांची ठेवण अशा फर्मच्या ताळेबंदात दिसते तशीच आहे. कोल्हापूरजवळच्या शिरोली वसाहतीत भाड्याच्या गाळ्यातलं मशीन शॉप धरू. फाउंड्रीतून आलेल्या कास्टिंगचं मशीनिंग जॉबवर्कवर करायचं, दोन सीएनसी लेथ, एक व्हीएमसी, अकरा कामगार. भागीदार दोन, नफा-तोटा समान. एक उत्पादन पाहायचा, दुसरा ऑर्डर आणि वसुली. दुसऱ्याने दोन वर्षांपासून येणं सोडलं आणि त्याचंही काम पहिल्यावर पडलं.

सगळ्यात आधी एक तारीख ठरवायची. त्या दिवसापर्यंतचा नफा-तोटा दोघांचा, त्यानंतरचा फक्त राहणाऱ्याचा. ३१ मार्च सोयीची, कारण त्या तारखेचा ताळेबंद तसाही होतोच. तारीख न ठरवता बोलणी लांबली की दर महिन्याला आकडा हलत राहतो आणि दोघांनाही तो आपल्याविरुद्ध हलल्यासारखा वाटतो.

ठरलेल्या तारखेचा ताळेबंद सांगतो की मालमत्ता ३६ लाखांची आहे. त्यात मशीन ९ लाख, माल आणि टूलिंग ५ लाख, ग्राहकांकडून येणं १८ लाख, बँकेतले ४ लाख. देणी १९ लाखांची: मशीनचं कर्ज, सीसी आणि पुरवठादार. वजा जाता उरतात १७ लाख, आणि ती दोघांच्या भांडवल खात्यांत विभागलेली आहेत. राहणाऱ्याच्या खात्यावर ११ लाख, निघणाऱ्याच्या खात्यावर ६ लाख. नफा समान असूनही खाती असमान का? निघणाऱ्याने वेळोवेळी उचल जास्त केली म्हणून. "निम्मी फर्म माझी" या वाक्यातली गफलत इथे दिसते. नफ्यातला वाटा निम्मा असला तरी फर्ममध्ये शिल्लक राहिलेलं भांडवल निम्मं असतंच असं नाही. म्हणून फर्मची किंमत काढून तिचे दोन तुकडे करणं बरोबर नाही. भांडवल खात्यापासूनच सुरुवात करावी लागते.

मात्र ताळेबंदातले आकडे आजच्या किमतीचे नसतात. घसारा काढत काढत मशीन ९ लाखांवर आलं असलं तरी ते चालतंय आणि बाजारात त्याला गिऱ्हाईक आहे. मान्यताप्राप्त मूल्यांककाने तिन्ही मशीनची किंमत २६ लाख काढली, असं धरू. उलट काही आकडे फुगलेलेही असतात. टूलिंगमधलं काही सामान बंद पडलेल्या पार्टचं आहे, म्हणून ५ लाखांचे साडेतीन लाख. येण्यांपैकी ३ लाख दोन वर्षं थकलेले आहेत. त्यातले ५० हजार मिळतील असं दोघांनाही वाटतं, म्हणून १८ ऐवजी साडेपंधरा लाख. आणि एक देणं ताळेबंदात दिसतच नाही: कामगारांची साठलेली ग्रॅच्युइटी. दहा किंवा जास्त कामगार असले की ती द्यावीच लागते, पण छोट्या फर्म ती दरवर्षी बाजूला काढून ठेवत नाहीत. ती २ लाख धरली.

नव्या हिशेबात मालमत्ता ४९ लाख, देणी २१ लाख, निव्वळ २८ लाख. पुस्तकातल्या १७ लाखांपेक्षा ११ लाख जास्त. ही वाढ दोघांनी मिळून सांभाळलेल्या मालमत्तेची आहे, म्हणून ती नफ्याच्या प्रमाणात, साडेपाच-साडेपाच लाख, दोन्ही खात्यांवर चढते. निघणाऱ्याचं खातं ६ वरून साडेअकरा लाखांवर गेलं. इथे राहणाऱ्याने कुरकुर करू नये. ही मशीन सांभाळायला त्याने गेली दोन वर्षं कष्ट घेतले असतील, पण ती घेताना कर्जावर सही दोघांची होती.

यानंतर येतं गुडविल. भांडण सगळ्यात जास्त इथे होतं आणि माझ्या मते न्यायही इथेच सापडतो. फर्मचं नाव, टिकलेले ग्राहक, बसलेली घडी यांची काहीतरी किंमत असते आणि कायदा गुडविलला फर्मची मालमत्ता मानतो. मग ती किती? प्रचलित पद्धत अशी: गेल्या तीन वर्षांच्या नफ्याची सरासरी घ्यायची, एकदाच घडलेल्या गोष्टी वजा करायच्या. आपल्या फर्मचा नफा १५, १९ आणि १६ लाख आहे. पण मधल्या वर्षातल्या १९ पैकी २ लाख जुना लेथ विकल्याचे होते, म्हणून तो १७ धरायचा. सरासरी १६ लाख.

आता थांबून विचार करू. हे १६ लाख कुठून आले? मशीनवर लावलेल्या भांडवलातून आले, ग्राहकांच्या विश्वासातून आले, आणि एका माणसाने दिवसाचे बारा तास राबून आले. भागीदारीपत्रात राहणाऱ्याला पगार लिहिलेला नव्हता. कलम १३ प्रमाणे तसा करार नसेल तर भागीदाराला पगार मागता येत नाही, म्हणून खर्चात तो कुठेच दिसत नाही आणि त्याचे श्रम नफा होऊन बसले आहेत. तो उद्या थांबला तर त्याच्या जागी उत्पादन आणि ग्राहक दोन्ही सांभाळणारा माणूस नेमावा लागेल. त्याला महिना ७५ हजार, म्हणजे वर्षाला ९ लाख द्यावे लागतील. ही रक्कम वजा केल्यावर उरतात ७ लाख. त्यातून लावलेल्या २८ लाखांवर १२ टक्क्यांचा वाजवी परतावा, ३ लाख ३६ हजार, वजा करायचा, कारण तेवढं हे भांडवल दुसऱ्या तशाच जोखमीच्या जागीही मिळवलं असतं. उरले ३ लाख ६४ हजार. फर्मचं नाव आणि घडी यामुळे दरवर्षी मिळणारा जादा नफा हाच.

हा जादा नफा किती वर्षांचा मोजायचा, हे धंद्यावर अवलंबून असतं. ज्या दुकानाचं नाव पिढ्यान्‌पिढ्या चालतं, तिथे जास्त वर्षं धरता येतील. इथे जॉबवर्क आहे, मोठे ग्राहक दोनच, त्यांच्याशी लेखी करार नाही, आणि ग्राहक राहणाऱ्याच्या शब्दावर टिकून आहेत. म्हणून दोन वर्षं पुरेशी. गुडविल झालं ७ लाख २८ हजार, त्यातला निम्मा वाटा ३ लाख ६४ हजार.

पगार वजा केला नसता तर काय झालं असतं? १६ लाखांतून फक्त भांडवलाचा परतावा वजा झाला असता, जादा नफा १२ लाख ६४ हजार दिसला असता, आणि दोन वर्षांच्या गुडविलमधला निघणाऱ्याचा वाटाही १२ लाख ६४ हजार निघाला असता. म्हणजे थेट ९ लाखांचा फरक. तेवढ्या रकमेत राहणाऱ्याने आपलेच पुढचे श्रम निघणाऱ्याकडून विकत घेतले असते. सीएने काढलेला मूल्यांकनाचा कागद हातात आला की ही एक ओळ आधी शोधावी: काम करणाऱ्या भागीदाराचा बाजारभावाने पगार वजा केला आहे का?

उरला गेल्या दोन वर्षांचा प्रश्न. राहणारा म्हणतो, "दोघांचं काम मी एकट्याने केलं, त्याचं काय?" तक्रार खरी आहे, पण करारात पगार नसल्यामुळे कायद्याचा आधार कमी आहे. दुसऱ्याने येणं थांबवलं त्याच वर्षी पुरवणी करार करून काम करणाऱ्याला पगार लावून घेणं, हा त्यावरचा खरा इलाज होता. ज्यांच्याकडे हे आज घडत आहे, त्यांनी निदान तो कागद या महिन्यात करावा. उदाहरणातली फर्म उशीर करून बसली आहे, म्हणून इथे तडजोडच शक्य आहे. समजा दोघांनी मध्यस्थ नातेवाइकासमोर ३ लाखांवर मिटवलं. ही रक्कम स्वतंत्र ओळीत लिहावी. रागाची भरपाई म्हणून मशीनची किंमत कमी दाखवायची किंवा येणी बुडीत म्हणायची, असं केलं की समोरचा सगळ्याच आकड्यांवर संशय घेऊ लागतो, आणि मग बरोबर आकडेही त्याला पटत नाहीत.

एकूण झालं असं: भांडवल साडेअकरा लाख, गुडविल ३ लाख ६४ हजार, वजा तडजोडीचे ३ लाख. द्यायचे १२ लाख १४ हजार.

काही जण एवढा हिशेब टाळून एक जुनी युक्ती सुचवतात: एकाने किंमत सांगायची, दुसऱ्याने त्याच किमतीला घ्यायचं की द्यायचं ते ठरवायचं. दोघेही धंदा चालवू शकत असतील तेव्हा ती उत्तम चालते. इथे ती न्यायाची नाही. निघणाऱ्याला मशीन शॉप चालवता येणार नाही हे दोघांनाही ठाऊक आहे, त्यामुळे राहणारा किंमत कितीही कमी सांगू शकतो.

आता फर्मच्या अस्तित्वाचा प्रश्न. भागीदारीला किमान दोन माणसं लागतात. दोनपैकी एक गेला की फर्म संपते आणि उरतो एकट्याचा मालकी धंदा. मग पॅन बदलतो, जीएसटीची नवी नोंदणी लागते, ग्राहकांकडचे विक्रेता कोड, बँक खाती, कर्ज सगळं नव्याने करावं लागतं. फर्म संपताना मालमत्ता एका भागीदाराकडे जाते, त्यावर फर्मला आयकरही लागू शकतो. म्हणून सीए बहुधा सुचवतात की आधी राहणाऱ्याच्या घरातल्या कुणाला, पत्नीला किंवा मुलीला, त्याच्या वाट्यातून थोडा हिस्सा देऊन भागीदार करून घ्यावं, आणि मगच निवृत्ती करावी. नव्या भागीदाराला घ्यायला सगळ्यांची संमती लागते, म्हणजे निघणाऱ्याचीही. म्हणून हा कागद बोलणी पूर्ण झाल्यावर, निवृत्तीच्या कागदाबरोबरच, पण त्याच्या आधीच्या क्रमाने करायचा.

फर्म चालू राहिली तरी कर असतोच. २०२१ मध्ये आयकर कायद्यात केलेल्या बदलानंतर, निघणाऱ्या भागीदाराला त्याच्या भांडवल खात्यापेक्षा जास्त जे मिळतं, ते फर्मचा भांडवली नफा धरलं जातं. हे भांडवल खातं मोजताना फेरमूल्यांकनाने वाढवलेली रक्कम धरत नाहीत. आपल्या उदाहरणात १२ लाख १४ हजारांतून साडेअकरा नव्हे, मूळ ६ लाखच वजा होतात, आणि ६ लाख १४ हजारांवर कर फर्मला, म्हणजे मागे राहणाऱ्याला, भरावा लागतो. हे सही झाल्यावर कळलं तर कडू वाटतं. कराचा बोजा कुणी किती सोसायचा, हे आकडा ठरवतानाच बोलून घ्यावं.

पैसे एकरकमी देणं छोट्या फर्मला झेपत नाही आणि त्यासाठी महागडं कर्ज काढणं शहाणपणाचं नाही. चार लाख सहीच्या दिवशी, उरलेले दोन वर्षांत हप्त्याने, व्याजासह, पुढच्या तारखांचे धनादेश देऊन, अशी रचना दोघांनाही पेलते. हप्ता चुकला तर काय, हे रिटायरमेंट डीडमध्ये लिहिलेलं हवं. रक्कम ठरवायचीच टाळून राहणाऱ्याने धंदा तसाच रेटला, तर कलम ३७ त्याला महागात पडतं. वेगळा करार नसेल, तर हिशेब मिटेपर्यंत त्याच्या वाट्यावर झालेला नफा किंवा वर्षाला ६ टक्के व्याज, यातलं जे हवं ते मागायचा हक्क निघणाऱ्याला मिळतो. चांगल्या वर्षी तो अर्थातच नफा मागेल.

निघणाऱ्याने पुढे तोच धंदा करू नये असं वाटत असेल, तर तेही याच कागदात यावं. कायदा त्याला स्पर्धेचा धंदा करायला मोकळीक देतो. फर्मचं नाव वापरणं आणि जुन्या ग्राहकांना गळ घालणं एवढंच मना आहे. ठराविक मुदतीसाठी, ठराविक भागापुरता, वाजवी बंदीचा करार करता येतो. ग्राहकांच्या विश्वासाची किंमत आपण गुडविलमध्ये मोजून दिली असताना ती बंदी न घालणं चुकीचं ठरेल.

शेवटची बाब निघणाऱ्याच्या हिताची आहे आणि तोच ती विसरतो. सीसी आणि मशीनच्या कर्जावर त्याची वैयक्तिक हमी असते, कधी त्याचं राहतं घरही तारण असतं. दोन भागीदारांनी आपसांत "आता देणी त्याची" असं कितीही लिहिलं तरी बँक त्याला बांधील नाही. बँकेने स्वतः लेखी मुक्त केलं तरच आधीच्या कर्जातून तो सुटतो, आणि नवा हमीदार किंवा जादा तारण मिळाल्याशिवाय बँक सहसा तसं करत नाही. नंतरच्या व्यवहारांची जबाबदारीही जाहीर नोटिशीपर्यंत त्याच्या मागे राहते. नोंदणीकृत फर्मच्या बाबतीत निबंधकाला कळवणं, शासकीय राजपत्रात आणि फर्मचं मुख्य ठिकाण असलेल्या जिल्ह्यात वाचल्या जाणाऱ्या एका स्थानिक भाषेतल्या वर्तमानपत्रात ती छापणं, हे त्यात येतं. म्हणून निघणाऱ्याने आधी बँकेत जावं, हमीमुक्तीला काय लागेल ते विचारावं, आणि ते पत्र मिळण्याची तारीख पहिल्या हप्त्याच्या तारखेशी जोडून घ्यावी. पत्राला उशीर लागणार असेल, तर तोवर सीसीची मर्यादा वाढवायची नाही आणि नवं कर्ज काढायचं नाही, अशी अट राहणाऱ्याकडून लिहून घ्यावी आणि तिची प्रत बँकेच्या शाखेत देऊन पोच घ्यावी.